पत्त्यांचे फासे करणारे यंत्र

१/
कॅसिनोतील ब्लॅकजॅकच्या अनेक टेबलांवर आता डीलरच्या हाताशी एक काळी पेटी दिसते. डाव संपला की डीलर वापरलेली पाने तिच्या मागच्या तोंडात टाकतो आणि पुढच्या तोंडातून नवी पाने काढतो. पत्ते पिसण्यासाठी खेळ कधी थांबत नाही. या पेटीला कंटिन्युअस शफलिंग मशीन, म्हणजे अखंड पिसणारे यंत्र म्हणतात. हे यंत्र पत्ते इतके उत्तम पिसते की पत्तेमोजणी चालत नाही, असे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकू येते. ते चुकीचे आहे आणि ही चूक निरुपद्रवीही नाही. हा थ्रेड तिच्या विरोधात आहे.

२/
माझे म्हणणे थोडक्यात असे. पत्ते किती चांगले पिसले गेले, याच्याशी पत्तेमोजणीचे फारसे वैर नाही. हाताने पिसलेले, यंत्राने पिसलेले, अगदी आदर्श रीतीने पिसलेले पत्तेही मोजता येतात. मोजणी मरते ती वापरलेली पाने लगेच खेळात परत आल्यामुळे. हे यंत्र खेळाची स्मृती पुसते. एकदा हे ध्यानात आले, की "खेळ निष्पक्ष व्हावा म्हणून यंत्र आणले" हा दावाही तपासून पाहावा लागतो. त्यासाठी प्रथम थोडा इतिहास पाहू.

३/
फाशाला स्मृती नसते. लागोपाठ तीनदा षट्क पडले, तरी चौथ्या वेळी षट्क पडण्याची शक्यता एक षष्ठांशच राहते. रूलेचे चक्रही असेच. पत्त्यांचे तसे नाही. एका कॅटमध्ये चारच एक्के असतात. चारही एक्के पडून गेले, तर उरलेल्या पानांतून एक्का येणे अशक्य. म्हणजे झालेल्या डावांचा ठसा पुढच्या डावांवर उमटतो. ब्लॅकजॅकमध्ये डावामागून डाव त्याच उरलेल्या पानांतून वाटले जात. कॅसिनोच्या इतर बहुतेक खेळांहून हा खेळ वेगळा होता तो या एका गोष्टीमुळे.

४/
ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी नियम सांगतो. हातातील पानांची बेरीज २१च्या जवळ न्यायची, पण पुढे जाऊ द्यायची नाही. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे मूल्य १०. एक्का १ किंवा ११. खेळाडू प्रथम खेळतो आणि २१च्या पुढे गेला की तत्काळ हरतो. कॅसिनोचा मूळ फायदा यातच आहे. डीलरला स्वतःचे मत नसते. १६ किंवा त्याहून कमी बेरीज असेल तर त्याने पान घेतलेच पाहिजे, १७ झाले की थांबलेच पाहिजे. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचे पान आले तर तो 'ब्लॅकजॅक', आणि पारंपरिक नियमानुसार त्याला दोनास तीन असा मोबदला मिळतो.

५/
या खेळाचे गणित प्रथम नीट मांडले ते अमेरिकी सैन्यातील चौघांनी. बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट हे मेरीलँडमधील ॲबर्डीनच्या लष्करी चाचणी केंद्रात होते. टेबलावरची गणनयंत्रे वापरून त्यांनी प्रत्येक परिस्थितीत पान घ्यावे की थांबावे याचा सर्वोत्तम मार्ग काढला. १९५६ साली तो अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या मार्गाने खेळाडूचा तोटा अगदी थोडा उरत असे, पण तोटा उरत असेच. झालेली पाने लक्षात ठेवण्याचा विचार या मूळ मार्गात नव्हता.

६/
ती पायरी चढला एडवर्ड थॉर्प हा तरुण गणितज्ञ. एमआयटीत असताना त्याने आयबीएम ७०४ या संगणकावर एक प्रश्न घातला: कॅटमधून अमुक पाने निघून गेली, तर खेळ कोणाच्या बाजूने झुकतो? उत्तर विस्मयकारक होते. एका कॅटमधून केवळ चार पंज्या काढून टाकल्या, तरी नीट खेळणाऱ्याला कॅसिनोवर तीन टक्क्यांहून अधिक आघाडी मिळत होती. १९६१ साली त्याचा निबंध अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन याने तो अकॅडमीकडे पाठवला होता. १९६२ साली थॉर्पचे 'बीट द डीलर' हे पुस्तक आले आणि हे ज्ञान सर्वांचे झाले.

७/
पंजी गेल्याने खेळाडूचे भले का व्हावे? कारण लहान पाने डीलरला तारतात. त्याला १२ ते १६ या अडचणीच्या बेरजांवरही पान घेणे सक्तीचे आहे; अशा वेळी लहान पान आले तर तो सुटतो, दहाचे आले तर बुडतो. खेळाडू मात्र याच बेरजांवर थांबू शकतो. शिवाय मोठी पाने भरपूर उरली, तर ब्लॅकजॅक अधिक वेळा येतो. तो दोघांनाही सारख्याच प्रमाणात येतो, पण दीडपट मोबदला मिळतो तो फक्त खेळाडूला. म्हणून लहान पाने पडून गेलेली आणि मोठी शिल्लक असलेली, हीच खेळाडूची सुगी.

८/
ही सुगी ओळखण्याची सोपी रीत हार्वी डब्नर याने १९६३ साली मांडली. तिला हाय-लो म्हणतात. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान पडले की मनात +१. सत्ती, अठ्ठी, नव्वी पडली की शून्य. दहाचे पान किंवा एक्का पडला की -१. वसतिगृहात आम्ही मित्रांनी एक कॅट घेऊन हे करून पाहिले. बावन्न पाने उलटून झाली की बेरीज शून्यावर आली पाहिजे, कारण लहान पाने वीस आणि मोठीही वीस. आठवडाभराच्या सरावात आमच्यातील सर्वांत आळशी गड्यालाही ते जमले. येथे अलौकिक स्मरणशक्ती लागत नाही. एक आकडा लक्षात ठेवावा लागतो.

९/
मात्र तो आकडा एकटा पुरेसा नसतो. +८ बेरीज आली, पण पेटीत अजून पाच कॅट शिल्लक असतील, तर तो जोर पाच कॅटांत विरून जातो. तीच +८ दोन कॅट उरले असताना आली, तर प्रत्येक कॅटमागे +४ पडतात. म्हणून मोजणारा धावत्या बेरजेला शिल्लक कॅटांनी भागतो. या भागाकारातील प्रत्येक एकामागे खेळाडूची स्थिती साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारते. कॅसिनोची मूळ आघाडी चांगल्या नियमांत साधारण अर्धा टक्का असते. म्हणजे +१ला बरोबरी, आणि +४ला खेळाडू सुमारे दीड टक्क्याने पुढे. मोजणारा अशा वेळी मोठी रक्कम लावतो, एरवी लहान.

१०/
हा +४ म्हणजे प्रत्यक्षात काय, ते पाहू. सहा कॅटांची ३१२ पाने आहेत. चार कॅट वाटून झाले, १०४ पाने उरली. सर्वसाधारणतः त्यांत ४० मोठी आणि ४० लहान असायला हवीत. धावती बेरीज +८ असेल, तर समजा ४४ मोठी आणि ३६ लहान आहेत. त्या ४४ मोठ्यांत ९ एक्के आणि ३५ दहाची पाने धरा. आता ब्लॅकजॅकची शक्यता सुमारे ५.९ टक्के आहे. पूर्ण भरलेल्या सहा कॅटांत ती ४.७५ टक्के असते. म्हणजे जे एकवीस डावांत एकदा घडायचे, ते आता सतरा डावांत एकदा घडेल. एवढ्याशा फरकावर मोजणाऱ्याचा सारा संसार उभा असतो.

११/
अशी संधी किती वेळा येते? गणित केले तर चार कॅट वाटून झाल्यावर बेरीज +८ किंवा अधिक असण्याची शक्यता साधारण सातात एक निघते. म्हणजे सात पेट्यांपैकी एकीत. मोजणीचे सगळे तंत्र या वाट पाहण्यावर आधारलेले आहे. बेरीज शून्यापासून निघते, पाने पडत जातात, तसतशी ती एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला भटकते. शिल्लक पाने कमी होतात तसा तोच आकडा अधिक बोलू लागतो. या प्रक्रियेला दोन गोष्टी लागतात: साचायला वेळ आणि घटत जाणारा साठा. हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा. यंत्राची चर्चा येथेच परत येईल.

१२/
कॅसिनोंनी थॉर्पला उत्तर कसे दिले? एप्रिल १९६४ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियमच बदलले: एक्क्यांची जोडी फोडता येणार नाही आणि रक्कम दुप्पट करण्यावरही बंधने. सामान्य गिऱ्हाईक टेबलांवरून उठून गेले आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आले. मग कॅट वाढवले, एकाचे चार, सहा, आठ झाले. पिसण्याची वेळ अलीकडे आणली. मोजणारा वाटला की त्याला बाहेरचा रस्ता दाखवणेही चालूच होते. नेव्हाडात मोजणी हा गुन्हा नाही, तरीही मालक अशा माणसाला खेळू देण्यास नकार देऊ शकतो.

१३/
न्यू जर्सीत मात्र हा प्रश्न न्यायालयात गेला. केन उस्टन या नामांकित मोजणाऱ्याला अटलांटिक सिटीतील रिसॉर्ट्‌स इंटरनॅशनल या कॅसिनोने मज्जाव केला. १९८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ब्लॅकजॅकचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या कॅसिनो नियंत्रण आयोगाचा आहे. केवळ मोजतो म्हणून एखाद्याला कॅसिनो आपल्या मर्जीने वगळू शकत नाही. येथे लबाडीचा प्रश्नच नव्हता. सर्वांसमोर उघडी पडलेली पाने पाहून विचार करणे, एवढेच उस्टन करत होता. आयोगाने पुढे कॅसिनोंना मध्येच पिसण्याची आणि पैजेची मर्यादा घटवण्याची मुभा दिली, पण माणसाला हाकलण्याची नाही.

१४/
मध्येच पिसण्यात एक अडचण होती. सहा कॅट हाताने पिसायला काही मिनिटे जातात आणि तेवढा वेळ टेबलाची कमाई शून्य. प्रत्येक डावानंतर पिसले तर मोजणी संपेल, पण धंदाही संपेल. ही अडचण यंत्राने सोडवली. जॉन ब्रीडिंग या एकेकाळच्या ट्रकचालकाने १९८३ साली मिनेसोटात शफल मास्टर ही कंपनी काढली. तिचे पहिले यंत्र १९९२ साली कॅसिनोत लागले. ते एका वेळी एक कॅट पिसून बाहेर देणारे होते. अशा यंत्रांना मी येथे 'घाणा पद्धतीची' म्हणेन: एक घाणा घातला, तो पूर्ण निघाला, मग दुसरा. अखंड पिसणारे यंत्र त्यानंतरचे.

१५/
अखंड यंत्राच्या पोटात अनेक खण असतात. डीलर डाव संपताच वापरलेली पाने मागच्या तोंडात ठेवतो. यंत्र एकेक पान आत ओढते, कोणत्या खणात टाकायचे ते यदृच्छेने ठरवते आणि तेथे सरकवते. पुढच्या घसरगुंडीतील पाने कमी झाली, की ते यदृच्छेनेच एखादा खण निवडून त्यातील पाने पुढे ढकलते. त्यामुळे डीलरच्या बोटांशी नेहमी थोडी पाने तयार असतात. सारी प्रक्रिया खेळ चालू असतानाच घडते. डावाच्या अखेरीस मागे गेलेले पान पुढच्या काही डावांत कधीही परत येऊ शकते.

१६/
आता वरचेच उदाहरण या यंत्रापुढे ठेवू. तीच ३१२ पाने. पाच खेळाडू आणि डीलर मिळून एका फेरीत १६ पाने पडली. समजा फेरी कमालीची एकतर्फी निघाली: ११ लहान, २ मोठी, ३ मधली. बेरीज +९. इतकी किंवा याहून झुकलेली फेरी सुमारे दीडशे फेऱ्यांतून एकदा येईल. पण शिल्लक पाने २९६, म्हणजे जवळजवळ पावणेसहा कॅट. भागाकार जेमतेम +१.६. कॅसिनोची अर्ध्या टक्क्याची आघाडी फिटून खेळाडूच्या पदरात पाव टक्क्याहून किंचित अधिक पडते. आणि ही दीडशे फेऱ्यांतली सर्वोत्तम घटका आहे.

१७/
एवढ्यावरही थांबत नाही. डीलर ती १६ पाने उचलून यंत्रात टाकतो. पेटी पुन्हा ३१२ची. बेरीज पुन्हा शून्य. ती +९ कोठेही साचली नाही. फक्त घसरगुंडीत आधीच आलेली थोडी पाने त्या २९६मधली असतात, म्हणून पुढच्या फेरीच्या आरंभी क्षणभर फायदा उरतो. ती पाने संपताच तोही संपतो. वर म्हटलेल्या दोन्ही गोष्टी पाहा. साचायला वेळ मिळत नाही आणि साठा घटत नाही. मोजणारा बिनचूक मोजतो आहे, पण त्याच्या मोजण्याला विषयच उरलेला नाही. पत्ते आता जवळजवळ फाशांसारखे वागतात.

१८/
यात पिसण्याच्या गुणवत्तेचा भाग किती? घाणा पद्धतीच्या यंत्रांची एक हकिगत ऐका. पर्सी डायकोनिस, जेसन फुलमन आणि सुझन होम्स या गणितज्ञांना एका उत्पादकाने आपले दहा खणांचे यंत्र तपासायला बोलावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार एकदा पिसलेला कॅट पुरेसा विस्कळीत होत नव्हता. आधीचा क्रम ठाऊक असलेला जाणकार बावन्नांपैकी सरासरी साडेनऊ पाने अचूक ओळखू शकला असता. आदर्श पिसणीत हा आकडा साडेचारच्या आसपास असतो. यंत्राची पिसणी निर्दोष असते हे गृहीतक येथेच ढासळते.

१९/
उलट बाजूने पाहा. समजा पिसणी आदर्श आहे, पण साडेचार कॅट वाटून होईपर्यंत पाने परत जात नाहीत. हाय-लो मोजणारा आनंदाने खेळेल, कारण त्याला पानांचा क्रम कधीच नको होता. पडलेली पाने वगळता काय उरले, एवढेच हवे होते. आणि पिसणी सुमार असली तरी पाने दर फेरीला परत जात असतील, तर हाय-लोचा काहीही उपयोग नाही. फरक पाडतो तो पान परत जाण्याचा क्षण. म्हणूनच अखंड यंत्राच्या टेबलावरही एखादा डीलर दोन-तीन फेऱ्यांची पाने बाजूला साचू देऊ लागला, तर मोजणीत थोडा जीव परततो. यंत्र तेच, पिसणी तीच. केवळ परतायला उशीर झाला.

२०/
आता निष्पक्षतेचा दावा. यंत्रसमर्थक म्हणतात की यंत्रामुळे डीलरला हातचलाखी करता येत नाही, वेळ वाचतो, सर्व खेळाडूंना सारखा न्याय मिळतो. पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. पण हे दोन्ही लाभ घाणा पद्धतीचे यंत्रही देते! वेगळ्या रंगाच्या पाठीची पाने असलेले दोन संच घ्यायचे. एक टेबलावर खेळात, दुसरा यंत्रात पिसला जातो आहे. पेटी संपली की अदलाबदल. डीलरचा हात पिसण्यात नाही, वेळही फारसा जात नाही आणि खेळाची स्मृतीही शाबूत. या यंत्राला सोडून अखंड यंत्र निवडले, तर त्यातून कॅसिनोला मिळणारी मोठी जादा गोष्ट एकच: स्मृतीचा नाश.

२१/
प्रामाणिकपणे एक गोष्ट यंत्राच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. न मोजणाऱ्या खेळाडूसाठी दर डावाचा तोटा या यंत्राने किंचित घटतो. साध्या पेटीत ठरावीक जागी खुणेचे पान लावलेले असते. ते आले की त्या फेरीनंतर पिसायचे. लहान पाने पडली तर प्रत्येक फेरीत अधिक पाने खर्च होतात आणि खुणेचे पान लवकर येते. मोठी पाने पडली तर ते उशिरा येते. म्हणजे मोठी पाने आधीच निघून गेलेल्या पेटीत एखादी फेरी जास्त खेळली जाते. यंत्रात खुणेचे पानच नसल्याने हा सूक्ष्म तोटा जातो. सहा कॅटांत हा लाभ सुमारे ०.०२ टक्के आहे.

२२/
पण हे दान कॅसिनो दुसऱ्या हाताने परत घेते. समजा एखादा २५ डॉलरची पैज लावतो आणि कॅसिनोची आघाडी ०.५ टक्के आहे. तासाला ६० फेऱ्या झाल्या तर त्याचा अपेक्षित तोटा साडेसात डॉलर. यंत्राने आघाडी ०.४८ वर आणली, पण पिसण्याची विश्रांती गेल्याने फेऱ्या ७२ झाल्या असे धरा. तोटा ८ डॉलर ६४ सेंट. प्रत्येक डाव किंचित स्वस्त, तास मात्र महाग. तेव्हा "यंत्र सामान्य खेळाडूच्या फायद्याचे" असे कोणी म्हणाले, तर त्याला डावाचा हिशेब विचारू नका, तासाचा विचारा.

२३/
दुसरा आक्षेप असा की मोजणी ही फसवणूकच आहे, मग ती थांबवली तर बिघडले कोठे? या आक्षेपाला उत्तर आपल्याच देशातील न्यायविचारात आहे. रमी हा केवळ नशिबाचा खेळ आहे का, हा प्रश्न १९६७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले गेले, आणि पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात हे त्यामागील एक कारण न्यायालयाने दिले. ब्लॅकजॅकला हा निकाल लागू होतो असे मी म्हणत नाही. परंतु पत्ते लक्षात ठेवणे हे कौशल्याचे लक्षण आहे, लबाडीचे नव्हे, ही समज त्यात स्पष्ट आहे.

२४/
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कॅसिनो हा खासगी व्यवसाय, त्याला तोटा होईल असा खेळ त्याने का मांडावा? न मांडावा. त्याचा तो अधिकार मी नाकारत नाही. माझी तक्रार नावाची आहे. थॉर्पच्या पुस्तकानंतर ब्लॅकजॅकला जी लोकप्रियता मिळाली, तिचा मोठा आधार "हा खेळ हरवता येतो" ही ख्याती होती. २००८चा '२१' हा चित्रपट याच ख्यातीवर चालला. ती ऐकून तरुण मंडळी टेबलाशी येतात, आणि समोर असते अशी पेटी, जिच्यापुढे ती ख्याती खोटी आहे. खेळाचे नाव, कापड, नियम, पाने सारे तेच ठेवून आतला खेळ बदललेला असतो.

२५/
उस्टनच्या निकालाने न्यू जर्सीत एका माणसाला दाराबाहेर काढणे अवघड केले होते. अखंड यंत्र कोणत्याही दाराशी भांडत नाही. ते सर्वांना आत येऊ देते, बसू देते, मोजूही देते आणि मोजण्यातून काही निष्पन्न होणार नाही याची व्यवस्था करते. वगळण्यासाठी कोणाला ओळखावे लागत नाही, कोणाशी वाद घालावा लागत नाही, म्हणून न्यायालयात जाण्यासारखी घटनाच घडत नाही. १९६४ साली नियम बदलले तेव्हा खेळाडूंना ते दिसले आणि ते उठून गेले. या बदलात नियमांच्या पाटीवरील एक अक्षरही हललेले नाही.

२६/
म्हणून मागणी साधी आहे. टेबलावर किमान पैज आणि ब्लॅकजॅकचा मोबदला लिहिलेला असतो. तेथेच आणखी एक ओळ असावी की येथे वापरलेली पाने दर फेरीनंतर खेळात परत जातात. तोवर ओळखण्याच्या खुणा आपणच लक्षात ठेवू: वापरलेल्या पानांची तबकडी रिकामी किंवा मुळीच नाही, खुणेचे पान नाही, आणि पिसण्यासाठी खेळ थांबत नाही. खात्री हवी असेल तर घरी एक कॅट घ्या. एकदा पाने बाजूला ठेवत मोजा. मग दर फेरीनंतर पाने परत घालून, पिसून मोजा. पहिल्या खेपेला बेरजेला अर्थ येत जाईल. दुसऱ्या खेपेला ती प्रत्येक फेरीनंतर शून्यावर येऊन बसेल.

थ्रेड समाप्त.